सहा चमच्यांचा हिशेब

दिवसाला सहा चमचे साखर पुरे, असं आपण ऐकतो, पण चमचा कोणता हे कुणी सांगत नाही. आपल्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यात बहुतेक वेळा पोह्याचा चमचा असतो. तो भरून घेतला की दहा ग्रॅमच्या पुढे सहज जातो. हिशेबातला चमचा मात्र चहाचा, आणि तोही सपाट. त्यात चार ग्रॅम साखर मावते. शीग लावून घेतला तर तोच चमचा सहा-सात ग्रॅमचा होतो. त्यामुळे ‘मी फक्त दोनच चमचे घालते’ म्हणणारीच्या कपात प्रत्यक्षात तीन किंवा चार चमचे साखर असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ही मर्यादा सांगितली ती उष्मांकांत. दिवसभरात जेवढे उष्मांक पोटात जातात, त्यांतला मोकळ्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा कमी असावा, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिला तर आणखी चांगलं. एका ग्रॅम साखरेत चार उष्मांक असतात. २००० उष्मांक खाणाऱ्या माणसाला दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, सुमारे बारा चमचे. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा चमचे. बारा ही ओलांडू नये अशी हद्द आहे आणि सहा हे गाठण्याचं ठिकाण.

पाच टक्क्यांच्या शिफारशीमागे जपानमधली एक लक्षणीय नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथे माणशी वर्षाला सुमारे १५ किलो साखर मिळत असे. १९४६ मध्ये ती जेमतेम पाव किलोच्या आत आली. त्या टंचाईच्या काळात मुलांच्या दातांची कीड कमी झाली आणि साखर परतल्यावर पुन्हा वाढली. असा पुरावा पक्का मानत नाहीत, म्हणून पाच टक्क्यांची शिफारस दहा टक्क्यांइतकी ठाम नाही. पण दात जन्मभर वापरायचे असतात आणि कीड साठत जाते, हे त्यामागचं कारण मला पटतं.

मोकळी साखर म्हणजे कारखान्याने, हलवायाने किंवा आपण स्वतः घातलेली साखर. गूळ, काकवी आणि मध त्यातच येतात. फळांचा रसही येतो, मग तो घरी काढलेला का असेना. अख्खं फळ मात्र येत नाही, कारण त्यातली साखर पेशींच्या आत, चोथ्यासकट असते आणि हळूहळू बाहेर पडते. दुधातली साखरही यात धरत नाहीत. पोळी-भाताच्या पिष्टाची पोटात गेल्यावर साखर होते, पण तो वेगळा विषय. मधुमेह असलेल्यांनी तो डॉक्टरांशीच बोलावा. गुळाबद्दल आपल्याकडे फार हळवेपणा आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. साखर सोडून गुळाचा चहा घेणाऱ्याने चव बदलली, चमचे कमी केले नाहीत.

आता एका साध्या दिवसाकडे पाहू. नोकरी करणारी, गोडाची फारशी आवड नसलेली एक बाई धरू. सगळे चमचे सपाट धरते, म्हणजे तिला शक्य तेवढी सवलत देते. सकाळच्या चहात दोन चमचे. सोबत तीन ग्लुकोज बिस्किटं; या बिस्किटांच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा साखर असते, म्हणजे तिन्हींचा मिळून एक चमचा. अकराला ऑफिसात चहा, दोन चमचे. डब्यातल्या आमटीत गुळाचा खडा, तिच्या वाट्याला अंदाजे एक चमचा. चारचा चहा, पुन्हा दोन. संध्याकाळी सँडविचबरोबर टोमॅटो सॉस, त्याच्या एका मोठ्या चमच्यात साखरेचा एक. जेवणानंतर केळं खाल्लं, ते मोजायचं नाही.

बेरीज नऊ. दिवसभरात तिने पेढा, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक यांतलं काहीही घेतलेलं नाही, तरी सहाची मर्यादा ओलांडली गेली आहे. नऊपैकी सहा चमचे नुसत्या चहाचे. आपण साखरेचा विचार करतो तेव्हा श्रीखंड आणि गुलाबजाम डोळ्यांपुढे येतात, पण ते सणावारी. रोजची साखर बहुतेक घरांत पातेल्यातून येते, दोन-दोन चमच्यांनी, कुणाच्या लक्षातही न येता. प्रत्येक कपातला एक चमचा कमी केला तरी ही बाई बरोबर सहावर येते. बाकी काही सोडायची गरज नाही.

त्याच दिवशी तिने ‘आरोग्यासाठी’ म्हणून पेलाभर मोसंबीचा रस घेतला, तर चारेक चमचे वाढतात आणि बाराचीही हद्द जाते. दोन मोसंबी सोलून खाल्ली असती तर हिशेबात काहीच धरलं नसतं. उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात सात-आठ चमचे असतात. २५० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये सहाच्या वर.

ऑफिसातला किंवा टपरीवरचा चहा मोजता येत नाही, घरातली साखर मात्र सहज मोजता येते. वाण्याची यादी काढा. रोज २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला माणशी पाऊण किलो. चौघांच्या घराला तीन किलो, आणि तेही बिस्किटं, सॉस, बाहेरचा चहा, गूळ सगळं त्यातच धरून. महिन्याला पाच किलो साखर आणि त्यावर किलोभर गूळ येत असेल, पाहुणा-राबता फारसा नसेल, तर घरातूनच माणशी रोज बाराच्या वर चमचे जात आहेत. मग बाहेरचं काही खाल्लेलं नसलं तरी फरक पडत नाही.

पाकिटांवर दोन गोष्टी पाहा. ‘एकूण साखर’ आणि ‘घातलेली साखर’ अशा दोन ओळी असतात. दुधाच्या पदार्थांत दुसरी पाहायची. फळांच्या रसाच्या डब्यावर मात्र दुसरी ओळ शून्य दाखवते, कारण रसातली साखर ‘घातलेली’ धरली जात नाही. तिथे पहिलीच ओळ पाहा आणि तिला चारने भागा. दुसरी गोष्ट टक्क्यांची. पाकिटावर ती ५० ग्रॅमला शंभर धरून छापतात. घातलेली साखर ‘५० टक्के’ दिसली की तुमचे सहाही चमचे त्या एका वाढपात संपले.

मुलांचं माप याहून लहान. पाच वर्षांच्या मुलाला सुमारे १३०० उष्मांक लागतात, म्हणजे त्याची पाच टक्क्यांची मर्यादा चार चमच्यांची. दुधात घालायच्या गोड पावडरीचे दोन मोठे चमचे आणि ‘थोडं गोड लागावं म्हणून’ वरून चमचाभर साखर, एवढ्यात त्यातले दोन-तीन चमचे सकाळी आठच्या आत संपतात. सोबत दोन क्रीमची बिस्किटं घेतली की चारही गेले. पावडर लगेच बंद करता येत नसेल, मुलाचा हट्ट असेल, तर निदान वरून घातलेली साखर उद्यापासून थांबवा. त्या दुधाला तिची गरज नाही.