तळव्यावरचा काळानिळा डाग आणि नॉर्मल आलेला एक्स-रे

माझी रूममेट हॉस्टेलच्या जिन्यावरून कपड्यांची बादली घेऊन उतरत होती. शेवटची पायरी चुकली. उजव्या पायाचा चवडा फरशीवर टेकला, टाच वरच राहिली आणि बादलीच्या वजनासकट अख्खं शरीर त्या चवड्यावरून पिळवटून पुढे गेलं. सगळ्यांनी एकच निदान केलं: पाय मुरगळला. मीही केलं, आणि माझी पीएचडी पायावर पडणाऱ्या भारावरच चालू आहे, हे इथे कबूल करून टाकते.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात एक्स-रे झाला. टेबलावर झोपवून, पाय सैल ठेवून. हाड मोडलेलं नव्हतं. "लिगामेंटला ताण आलाय, क्रेप बँडेज बांधा, दहा दिवसांत बरं वाटेल." तिसऱ्या दिवशी बँडेज सोडलं तेव्हा तळव्याच्या कमानीच्या मधोमध जांभळट डाग दिसला. ती म्हणाली, "अगं, चपलेचा रंग लागला असेल." साबणाने काही तो गेला नाही.

या डागाबद्दल सांगण्याआधी पायाचा मधला भाग कसा जोडलेला आहे ते बघू. बोटांच्या मागे जी पाच लांब हाडं असतात ती मेटाटार्सल. त्यांच्या मागे पाचरीसारखी तीन छोटी हाडं असतात, ती क्युनिफॉर्म. त्यांच्या शेजारी, बाहेरच्या बाजूला क्युबॉइड. ही जिथे भेटतात त्या सांध्यांच्या ओळीला जाक लिस्फ्रँक या फ्रेंच सर्जनचं नाव आहे. गंमत म्हणजे त्याने ही दुखापत शोधली म्हणून नाही, तर या ओळीतून पुढचं पाऊल कापून काढायची शस्त्रक्रिया त्याने वर्णन केली म्हणून.

या ओळीत दुसरं मेटाटार्सल थोडं मागे सरकून दोन क्युनिफॉर्मच्या मधल्या खाचेत बसलेलं असतं, सुताराने कुसू बसवावं तसं. पायाच्या आडव्या कमानीचा माथ्यावरचा दगड तोच. आता खरी मेख अशी, की दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं मेटाटार्सल बुडाशी एकमेकांना आडव्या लिगामेंटनी बांधलेले असतात, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या बुडांमध्ये तसा बंध नसतो. त्याऐवजी आतल्या क्युनिफॉर्मपासून दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडाकडे एक तिरका, मजबूत बंध जातो. तो लिस्फ्रँक लिगामेंट. तो तुटला की पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाला तिथे धरून ठेवणारी मुख्य दोरीच गेली.

टाच वर, चवडा खाली आणि वरून पिळा, हा त्यासाठी अगदी नेमका प्रसंग. घोट्याची साधी मुरगळ वेगळी होते. तिथे पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या घोट्याखालचे बंध ताणले जातात. सूज आणि निळसरपणाही तिथेच येतो, फार तर पावलाच्या बाहेरच्या कडेने खाली उतरतो. कमानीच्या मध्यावर रक्त येतं तेव्हा तळव्याच्या बाजूचं काहीतरी फाटलेलं असण्याची शक्यता वाढते. या खुणेकडे लक्ष वेधणारा एक छोटा पेपर 1996 साली आला आणि तेव्हापासून ती शिकवली जाते. डाग दिसला तर संशय घ्यायचा. नाही दिसला म्हणून सुटका मात्र नाही, कारण बऱ्याच रुग्णांत तो येतच नाही.

मग एक्स-रे नॉर्मल का आला? अभ्यासाच्या दृष्टीने मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, दिसतात फक्त हाडं. म्हणजे आपण दोरी बघत नसून दोरी तुटल्यामुळे पडलेली फट बघतोय. आणि फट पडायला भार लागतो. उभं राहिल्यावर कमान दबते आणि हाडं एकमेकांपासून दूर ढकलली जातात. झोपलेल्या माणसाच्या पायात ती मुकाट्याने जागेवर येऊन बसतात. फिल्म खोटी नव्हती. ज्या स्थितीत दोष उघडा पडतो, ती स्थितीच मोजणीच्या वेळी नव्हती.

दुसरी एक गाळणी आहे. मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला ऑटावा नियम वापरतात. पावलाच्या मधल्या भागात दुखतंय आणि शिवाय नॅव्हिक्युलर हाडावर किंवा पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी दाबून दुखतंय, किंवा चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढा. नियम उत्तम आहे, पण तो हाड मोडलंय का या प्रश्नासाठी बनवलाय. लंगडत टाकलेली पावलंही त्यात मोजली जातात. माझी रूममेट बाहेरच्या कडेवर भार देत मेसपर्यंत जात होती. तिचं सगळ्यात जास्त दुखत होतं ते पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडाशी, आणि ती जागा नियमात नाहीच. तिचा एक्स-रे निघाला तो डॉक्टरांच्या सावधपणामुळे.

बाराव्या दिवशी सूज ओसरली, तरी तिला एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना. चवडा धरून हलकेच पिळला की पायाच्या मध्यभागी कळ यायची. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं आणि दोन्ही पावलांचा एकत्र एक्स-रे काढला. पहिल्या दोन मेटाटार्सलच्या बुडांमधली फट डावीकडे दीड मिलिमीटर, उजवीकडे चार. शिवाय दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी एका रेषेत असायला हवी, ती उजवीकडे बाहेर सरकली होती. साधारण दोन मिलिमीटरहून जास्त फट संशयास्पद धरतात, पण नुसत्या आकड्यापेक्षा स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी तुलना जास्त भरवशाची. किरणांचा कोन थोडा बदलला तरी मिलिमीटरभर इकडे तिकडे होतं.

हाच एक्स-रे पहिल्या दिवशी उभं करून काढला असता तर दिसलं असतं का? सांगता येत नाही. ताज्या दुखापतीत माणूस दुखऱ्या पायावर भार देतच नाही, सगळं वजन चांगल्या पायावर घेतो, आणि मग उभ्याने काढलेली फिल्मही झोपून काढल्यासारखीच निघते. म्हणून संशय असेल तर पाय टेकू न देता दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढतात. सीटी स्कॅनमध्ये बारीक तुकडे छान दिसतात, पण नेहमीचा सीटीही झोपूनच होतो. एमआरआय मात्र प्रत्यक्ष लिगामेंट दाखवतो.

वाचताना तुम्हाला "सुमारे वीस टक्के लिस्फ्रँक दुखापती सुरुवातीला निसटतात" हे वाक्य पेपरामागून पेपरात भेटेल. तिथे थोडं थांबा. निसटलेली केस मोजली जाते ती रुग्ण परत आला तरच. जो लंगडत घरी बसला आणि पुढे कमान सपाट होऊन सांध्याची झीज झाल्यावर कुणा तिसऱ्याकडे गेला, तो या टक्केवारीत कुठे येतो? निसटलं म्हणजे पहिल्या भेटीत निसटलं की दोन आठवड्यांनंतरही, हेसुद्धा प्रत्येक पेपरात तपासावं लागतं. तुम्ही स्वतः माहिती गोळा करणार असाल तर फॉर्मवर "एक्स-रे: नॉर्मल" एवढाच रकाना ठेवू नका. झोपून की उभ्याने, एक पाय की दोन्ही, कितव्या दिवशी, हे तीन रकाने सोबत हवेत.

उभं राहूनही फट पडत नसेल तर प्लास्टर किंवा बूट घालून, काही आठवडे भार न देता बरं होऊ शकतं. तिची फट पडत होती, म्हणून हाडं जागेवर आणून दोन स्क्रू घातले. नंतर सहा आठवडे कुबड्या. बादली अजून मीच उचलते.