तीन ओळींत माणूस

समोर दोन पानांचा बायोडेटा आहे. बी.कॉम., नाशिकच्या एका कारखान्यात चार वर्षं अकाउंट्स असिस्टंट, टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, दरमहा बँकेचा ताळमेळ, आणि ‘जीएसटी रिटर्नसाठी माहिती तयार करून सीएंकडे देणे’. रिक्रूटरला याच्या तीन ओळी हव्यात.

घोटाळा होतो तो क्रियापदात. ‘माहिती तयार केली’चं घाईत ‘रिटर्न भरले’ होतं. मग मुलाखतीत पोर्टलवरचा प्रश्न येतो आणि न केलेल्या दाव्यापायी मुलगी गोंधळते. एक्सेलही असंच आत शिरतं. अकाउंट्समध्ये आहे म्हणजे येत असणारच, असं आपण धरून चालतो. तिने मात्र ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी असं लिहीन:

बी.कॉम.; नाशिकच्या कारखान्यात चार वर्षं अकाउंट्स असिस्टंट.
टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, दरमहा बँकेचा ताळमेळ.
जीएसटी रिटर्नसाठी माहिती तयार करून सीएंकडे देण्याचा अनुभव.

मग प्रत्येक शब्दाखाली पेन्सिल टेकवून मूळ पानावर त्याची ओळ शोधायची. ‘निष्णात’, ‘मेहनती’ यांना ओळ सापडत नाही, ते खोडायचे. जागेसाठी काही गाळलं तरी चालतं. पदाला एक्सेल लागतच असेल, तर तिलाच फोन करून विचारावं.