वजनकाट्यावर न दिसणारा बदल : रजोनिवृत्ती आणि पोटावरची चरबी

रजोनिवृत्तीच्या सुमारास पोटाचा घेर का वाढतो, या प्रश्नाला घरोघरी दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे 'आता वय झाले' आणि दुसरे म्हणजे 'हे सगळे हार्मोन्समुळे'. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, परंतु ती दोन वेगवेगळ्या गोष्टींची उत्तरे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच पुष्कळ गैरसमज निर्माण होतात. एकूण वजनात वर्षागणिक पडणारी थोडीथोडी भर प्रामुख्याने वयाशी आणि राहणीमानाशी निगडित असते. मात्र चरबी शरीरात कोठे साठावी आणि स्नायू किती टिकावेत, यांत होणारा बदल बीजकोशांचे काम मंदावण्याशी जोडलेला असतो. म्हणूनच वजन जेमतेम दोन किलोंनी वाढलेले असतानाही परकराची नाडी कमी पडू लागते आणि खांद्यांत नीट बसणारा कुर्ता पोटावर ताणला जातो.

रजोनिवृत्ती म्हणजे अखेरची मासिक पाळी. ती अखेरची होती हे मात्र त्यानंतर सलग बारा महिने पाळी न आल्यावरच निश्चित होते, त्यामुळे तिचे निदान नेहमी मागे वळून पाहतच करावे लागते. त्याआधीची काही वर्षे संक्रमणाची असतात. या काळात पाळीचे चक्र अनियमित होते आणि बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी कधी एकदम चढते, कधी घसरते आणि शेवटी कायमची खाली येते. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१च्या आसपास आहे, तर भारतीय स्त्रियांमध्ये ते ४६-४७ इतके आढळते. त्यामुळे येथे वर्णन केलेले बदल आपल्याकडे अनेकींच्या बाबतीत चाळिशीच्या पहिल्या काही वर्षांतच, पाळी अजून चालू असतानाच सुरू होतात आणि नेमक्या याच कारणामुळे त्यांचा संबंध रजोनिवृत्तीशी जोडला जात नाही.

या विषयावरील सर्वांत भरवशाची माहिती अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'स्वान' या दीर्घकालीन अभ्यासातून मिळाली. त्यात पाच वांशिक गटांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा मध्यमवयातील प्रवास वर्षानुवर्षे नोंदवला गेला. त्यांतील बाराशेहून अधिक स्त्रियांच्या शरीरातील चरबी आणि चरबीविरहित भाग हे दोन्ही क्ष-किरणांवर आधारलेल्या डेक्सा या तपासणीने वारंवार मोजण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. संक्रमणकाळ सुरू होताच चरबी वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. त्याच वेळी चरबीविरहित भार, म्हणजे मुख्यत्वे स्नायू, घटू लागला आणि ही दुहेरी हालचाल अखेरच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांपर्यंत चालू राहून मग स्थिरावली. वजनाच्या आलेखात मात्र संक्रमणकाळामुळे कोणताही वेगळा चढ आला नाही. ते आधीच्याच संथ गतीने वाढत राहिले. चरबीची वाढ स्नायूंच्या घटीने अंशतः झाकली जात असल्यामुळे काट्याला त्यातले फारच थोडे दिसते.

वाढलेली चरबी नेमकी कोठे जाते, याचे उत्तर जेनिफर लव्हजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी १५६ निरोगी स्त्रियांचे चार वर्षे दरवर्षी निरीक्षण केले आणि सीटी स्कॅनच्या साहाय्याने पोटातील चरबीचे दोन थर वेगवेगळे मोजले. पहिला थर त्वचेखालचा, चिमटीत धरता येणारा. दुसरा पोटाच्या स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृत यांच्या भोवती असणारा. त्वचेखालची चरबी सर्वच स्त्रियांमध्ये वयाबरोबर वाढली, पण आतल्या चरबीत लक्षणीय वाढ झाली ती केवळ त्या काळात रजोनिवृत्त झालेल्या स्त्रियांमध्ये. वय आणि रजोनिवृत्ती यांचे परिणाम इतक्या स्वच्छपणे वेगळे करून दाखवणारे निरीक्षण विरळाच.

प्रजननक्षम वयात इस्ट्रोजेनचा कल चरबी मांड्या आणि नितंब यांच्या त्वचेखाली साठवण्याकडे असतो. तेथील चरबीपेशी आपला साठा सहजासहजी सोडत नाहीत. गरोदरपण आणि विशेषतः स्तनपान यांसाठी राखून ठेवलेला तो साठा असतो. इस्ट्रोजेन ओसरले की ही निवड शिथिल होते. दुसरीकडे, बीजकोशांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून अल्प प्रमाणात स्रवणारी पुरुषी संप्रेरके तितक्या झपाट्याने कमी होत नाहीत, आणि त्यांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन मात्र घटते, त्यामुळे त्यांचा सापेक्ष प्रभाव वाढतो. चरबीचा कल हळूहळू पुरुषांच्या ठेवणीकडे, म्हणजे पोटाकडे झुकतो. रात्री अंगातून येणाऱ्या गरम वाफांनी झोप मोडत राहिली की भूक वाढते आणि दिवसाची हालचाल कमी होते, ही त्यात पडणारी आणखी भर.

आतली चरबी अधिक घातक मानली जाते ती तिच्या जागेमुळे. तिच्यातील बऱ्याच भागाचे रक्त थेट यकृताकडे जाते, त्यामुळे तिच्यातून सुटणारी मेदाम्ले प्रथम यकृतावर येऊन आदळतात. तेथे चरबी साचते, इन्सुलिनचा परिणाम क्षीण होतो आणि रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढू लागतात.

'चयापचय मंदावला' हे याबाबतीतले सर्वाधिक ऐकू येणारे स्पष्टीकरण मात्र तपासून घेतले पाहिजे. हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली हजारो व्यक्तींच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र करून दाखवले की शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. हाच हिशेब एका कल्पित, पण प्रातिनिधिक उदाहरणाने मांडता येईल. उंची १५२ सेंटिमीटर असलेल्या एका स्त्रीचे वजन ४४व्या वर्षी ५१ किलो आणि ४९व्या वर्षी ५३ किलो आहे, असे समजू. या दोन किलोंच्या मागे तीन किलो चरबीची वाढ आणि एक किलो स्नायूंची घट आहे. एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो, तर तीन किलो चरबीही जवळजवळ तितकाच खर्च करते, म्हणजे विश्रांतीतला खर्च होता तेथेच राहतो. तीन किलो चरबीत सुमारे २३,००० किलोकॅलरी साठलेल्या असतात. पाच वर्षांवर विभागल्यास दिवसाला सरासरी १३ किलोकॅलरी जमा झाल्या, म्हणजे एका सपाट चमचाभर साखरेपेक्षाही कमी. इतकी बारीक तफावत कोणत्याही स्त्रीला जाणवणे शक्य नाही, आणि म्हणून 'मी काही जास्त खात नाही' असे ती सांगते तेव्हा ती खरेच सांगत असते. तिच्यावर खादाडपणाचा आरोप करणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते गणितातही बसत नाही. स्नायू गेल्याचे खरे नुकसान वेगळे आहे : जेवणानंतर रक्तातील साखर उचलून घेणारे सर्वांत मोठे कोठार लहान होते.

याच स्त्रीचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.१ वरून २२.९ वर जातो. भारतीयांसाठी ठरवलेली २३ ही मर्यादा तो ओलांडत नाही, त्यामुळे वार्षिक तपासणीच्या कागदावर तिचे वजन 'योग्य' ठरते. कंबरेचा घेर मात्र ७५ वरून ८१ सेंटिमीटर झालेला असू शकतो आणि भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'कृश तरी मेदयुक्त' शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली : दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ज्या समाजात चरबीचे प्रमाण मुळातच असे लपलेले असते, तेथे रजोनिवृत्तीचा बदल केवळ वजनावरून ओळखू पाहणे व्यर्थ आहे.

त्यामुळे शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी या काळात काट्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या त्वचेवर, पट्टी जमिनीला समांतर धरून आणि सहज श्वास सोडून झाल्यावर हे माप घ्यावे. साडी वा सलवार जेथे बांधली जाते ती जागा बहुधा याच्या खाली असते, म्हणून कपड्याच्या मापावर विसंबू नये. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा, हा दुसरा सोपा निकष.

उपायांच्या बाबतीत पिट्सबर्ग येथील एका प्रयोगाचे फलित पाहण्यासारखे आहे. रजोनिवृत्तीपूर्वीच, ४४ ते ५० या वयात, ५३५ स्त्रियांना दोन गटांत विभागून एका गटाला आहार आणि व्यायाम यांचे सातत्याने मार्गदर्शन देण्यात आले. साडेचार वर्षांनी त्या गटाचे सरासरी वजन पूर्वीइतकेच होते आणि कंबर सुमारे तीन सेंटिमीटरने कमी झाली होती, तर दुसऱ्या गटाचे वजन सरासरी २.४ किलोंनी वाढले होते. बदल टाळता येत नसला तरी त्याचा पल्ला आवरता येतो, आणि तो आधीपासून आवरणे सोपे जाते.

केवळ पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरची चरबी उतरत नाही. चरबी कोठून घटावी हे व्यायाम होत असलेला स्नायू ठरवत नाही. दम लागेल इतके वेगाने चालणे आतली चरबी कमी करते, कित्येकदा वजन घटले नाही तरीही. स्नायू टिकवण्यासाठी मात्र चालणे पुरत नाही. त्यांच्यावर क्रमाने वाढता भार पडावा लागतो, म्हणून आठवड्यातून किमान दोनदा डंबेल, रबरी पट्टे किंवा खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे असे व्यायाम हवेत. प्रथिनांचाही हिशेब करावा लागतो. दिवसाला किलोमागे एक ग्रॅम धरल्यास वरील स्त्रीला ५३ ग्रॅम प्रथिने लागतील. चार पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर भात आणि एक वाटी दूध वा दही यांतून जेमतेम २८ ग्रॅम मिळतात, आणि वरण पातळ असेल तर त्याहूनही कमी. त्यात मटकीची उसळ, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे घातले तर बेरीज जमते. शाकाहारी घरात अंड्यांच्या जागी पनीर किंवा सोयाबीन चालते. घरातील सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेल्या उसळीच्या रश्शाबरोबर पोळी खाणाऱ्या गृहिणीच्या ताटात हाच भाग सर्वांत आधी कमी होतो.

बाहेरून इस्ट्रोजेन देण्याच्या उपचाराने वजन वाढते ही समजूत चाचण्यांत खरी ठरलेली नाही. औषध घेणाऱ्या स्त्रियांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले नाही. परंतु हा उपचार तीव्र गरम वाफांसारख्या त्रासासाठी आणि वैद्यकीय तपासणीनंतर दिला जातो, पोट कमी करण्यासाठी नव्हे.

शेवटी एक भेद जाणून घेणे अत्यावश्यक आहे. चरबीचे पोट महिन्या-वर्षांच्या गतीने वाढते आणि सकाळ-संध्याकाळ सारखेच राहते. वाताचे पोट जेवणानंतर फुगते आणि सकाळी उतरते. परंतु पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे किंवा वारंवार लघवीला जावे लागणे, यांपैकी काही नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकले, तर ते बीजकोशाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. हा आजार याच वयात अधिक आढळतो आणि 'पाळी गेली की पोट सुटतेच' या समजुतीआड तो दडून राहतो. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी विनाविलंब करून घ्यावी, आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो एकदाच आणि थोडासा असला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.