चिठ्ठी टाकून मिटलेला वाद

खेड्यातली शाळा, प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी आणि पुढे झेंडा धरायला हटून बसलेली चौथीतली दोन मुले. दोघांचा हक्क सारखाच, म्हणून गुरुजींनी चिठ्ठ्या टाकायचे ठरवले. निघेल तो निकाल मान्य, हे त्यांनी दोघांकडून आधी कबूल करून घेतले. मग वहीच्या एकाच पानाचे दोन सारखे तुकडे केले, एकाच पेनाने नावे लिहिली आणि सारख्याच घड्या घातल्या. जाड घडी बोटांना लगेच कळते. चिठ्ठ्या डब्यात हलवून पहिलीतल्या मुलीला एक उचलायला सांगितली. उरलेली चिठ्ठीही सर्वांसमोर उघडली, त्यामुळे दोन्हींवर एकच नाव असल्याचा संशय उरला नाही. हरलेल्या मुलाला स्वातंत्र्यदिनाची पाळी मिळाली.

हक्क समान असतील तिथेच हा उपाय चालतो. पेन्सिल कोणी चोरली, हे चिठ्ठी सांगू शकत नाही. तिथे चौकशीच करावी लागते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणुकीत समान मते पडली, तरी निकाल चिठ्ठीनेच लागतो आणि जिंकणाऱ्याला एक जादा मत मिळाले असे धरतात.