ताटातलं लोह आणि चहाची वेळ

पिशोरच्या एखाद्या शाळेतल्या बाईंची कल्पना करा. दुपारच्या तासाला त्यांचे पाय गळतात, जिना चढताना धाप लागते. तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघतं, बायकांमध्ये ते किमान १२ हवं. बाई म्हणतील, ‘मी तर रोज बाजरीची भाकरी खाते.’ शंका रास्त आहे, कारण बाजरीत लोह असतंच. पण धान्यातल्या फायटेटमुळे त्याचा थोडाच भाग रक्तात उतरतो आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यातलाही बराचसा अडवतो. म्हणून बाईंनी चहा तासाभराने घ्यावा, भाकरीसोबत मटकीची उसळ खावी आणि तिच्यावर लिंबू पिळावं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे हे लोह आतड्यात सहज शोषलं जातं.

नुसतं जेवण बदलून काय होणार, असं कुणी विचारेल. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलामुलींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. म्हणजे फरक पडतो, पण सावकाश. ९.२ वर मात्र गोळ्याच लागतात. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का आणि ब १२ कमी आहे का, हेही पाहावं लागतं. नाहीतर उपाय चुकीच्या जागी होतो. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी गोळ्या लगेच थांबवू नयेत, कारण रिकामा साठा भरायला आणखी साधारण तीन महिने लागतात.