कॅमेऱ्यासमोर बोलायचे नसेल, तर नकार कसा कळवावा?

पूर्वी परगावच्या व्याख्यानाचे निमंत्रण टाळायचे असेल, तर अंतराचे कारण पुरत असे. ऑनलाइन परिसंवादाने ती सोय काढून घेतली. ‘त्या दिवशी बाहेरगावी आहे’ म्हटले, तर ‘तिथूनच मोबाइलवरून सहभागी व्हा’ असे उत्तर येते. ‘प्रकृती बरी नाही’ म्हटले, तर ‘मग पुढच्या आठवड्यात ठेवू’. त्यामुळे खोटे कारण एकदा देऊन भागत नाही. ते सांभाळत बसावे लागते.

एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. वर्गात तीस वर्षे सहज बोललेल्या या बाईंना २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त ऑनलाइन परिसंवादाचे निमंत्रण आले आहे. वर्गातले चेहरे प्रतिसाद देतात. पडद्यावर बहुतेक चौकटी काळ्या असतात आणि समोर स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. अडचण एवढीच असेल, तर झूमवर ‘Hide Self View’ निवडून तो चेहरा आपल्यापुरता झाकता येतो. पण इतरांना तो दिसतोच आणि ध्वनिचित्रमुद्रण झाले तर मागेही उरतो. बाईंना नेमके तेच नको असेल, तर नकार कळवणे योग्य.

तो एक-दोन दिवसांत कळवावा. वक्त्यांची नावे पत्रिकेत छापून समाजमाध्यमांवर गेल्यानंतर आलेला नकार आयोजकांना अडचणीत टाकतो. ‘पाहू’, ‘जमल्यास कळवते’ ही उत्तरे आपल्याकडे होकारार्थीच धरली जातात, म्हणून ती टाळावीत. पत्र असे लिहिता येईल :

‘सप्रेम नमस्कार. परिसंवादासाठी आपण माझी आठवण ठेवलीत, याबद्दल आभारी आहे. मात्र कॅमेऱ्यासमोर बोलणे मला जमत नाही, त्यामुळे सहभागी होता येणार नाही. कृपया पत्रिकेत वक्ता म्हणून माझे नाव घालू नये. विषयावरील एक पानाचे टिपण २० तारखेपर्यंत देऊ शकेन. सूत्रसंचालकांनी ते वाचून दाखवल्यास आनंद वाटेल.’

यात कारण एकाच वाक्यात आहे आणि ते खरे आहे. ‘क्षमस्व’चा पाढा नाही, कारण फार दिलगिरी व्यक्त केली, की समोरच्याला आग्रहाला जागा दिसते. टिपणाचे वाक्य मात्र ते खरोखर लिहायचे असेल तरच ठेवावे. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाचे नाव सुचवायचे असल्यास आधी त्या व्यक्तीला विचारावे.

यावर आयोजकांचा फोन येईल : ‘बाई, कॅमेरा बंद ठेवून बोला ना!’ हे मानवत असेल, तर मुद्रण होणार का, एवढे विचारून होकार द्यावा. मानवत नसेल, तर नवे कारण शोधू नये. पत्रातलेच वाक्य शांतपणे पुन्हा सांगावे. कारण बदलले, की पहिले कारण खरे नव्हते, असा समज होतो.