जाहिरातीत 'डीटीएस-आय', पेटंटमध्ये नेमकं काय?

मंगळवेढ्यातल्या पोरांना पुण्याच्या कंपनीची ऑफर आली की साईटवर एक वाक्य हमखास दिसतं: 'आमची स्वतःची टेक्नॉलॉजी'. हे खरं आहे का, हे घरबसल्या मोबाईलवर तपासता येतं. कसं, ते बजाजच्या उदाहरणातून बघू.

पल्सरवरचं 'डीटीएस-आय' आपण सगळ्यांनी वाचलंय. आपल्याला त्यातून एवढंच कळलं, की इंजिनात दोन स्पार्क प्लग आहेत. पण दोन प्लग ही कल्पना बजाजच्या आधीपासून होती. मग बजाजने काय नवीन केलं? त्याचं उत्तर भारतीय पेटंट क्रमांक 195904 मध्ये आहे. अर्ज 2002 चा, पेटंट मिळालं 2005 ला.

पेटंट उघडलं की आधी शेवटी जा, 'क्लेम्स' वाचा. वरचं वर्णन ऐसपैस असतं. हक्क मात्र क्लेम्समध्ये लिहिलाय तेवढाच. इथे क्लेम सांगतो: लहान इंजिन, सिलिंडरचा व्यास 45 ते 70 मिलिमीटर, पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं मिश्रण, आणि ते नीट पेटावं म्हणून दोन प्लग. म्हणजे खरं काम छोट्या इंजिनात कमी पेट्रोल नीट जाळण्याचं होतं. 2007 मध्ये टीव्हीएसची 'फ्लेम' आली तेव्हा कोर्टातही याच शब्दांवर वाद झाला. टीव्हीएसचं म्हणणं होतं, की आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, ते वेगळंच आहे.

आता तुम्ही करून बघा. भारतीय पेटंट ऑफिसच्या `InPASS` पानावर `Applicant Name` मध्ये कंपनीचं नाव टाका. `Published` म्हणजे फक्त अर्ज प्रसिद्ध झालाय, `Granted` म्हणजे पेटंट मिळालंय. 'पेटंटेड' म्हणवणाऱ्या कंपनीचा नुसता अर्जच निघाला, तर तिथेच समजून जा.

मालक असते कंपनी, पण डोकं कुणाचं ते `Inventor Name` मध्ये असतं. तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसली, तर ती मुख्य टीम समजा. मग त्या नावांनी उलटा शोध घ्या. अलीकडचे अर्ज दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतील, तर ती माणसं बहुधा निघून गेलीत. तुम्ही ज्यांच्या हाताखाली शिकायला जाताय, तेच तिथे नसतील! फक्त सारख्या नावाची दोन माणसं असू शकतात, म्हणून विषय आणि शहरही जुळवून बघा.

कंपनीच्या नावाने काहीच सापडलं नाही तरी लगेच निकाल देऊ नका. गुगलचं मूळ पेजरँक पेटंट, अमेरिकी क्रमांक 6,285,999, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं. संशोधक लॅरी पेज. शिवाय अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे अगदी ताजं काम दिसत नाही. आणि भारतात नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअर कंपनीचं अमेरिकेतलं रेकॉर्डही बघा. गूगल पेटंट्सवर असं टाका:

```
assignee:"कंपनीचं इंग्रजी नाव" country:US
```

ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एवढं नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!